बाइंडरमुळे चांगला दिसणारा एक्स-रे: पेल्विसच्या अस्थिर फ्रॅक्चरचं एक प्रकरण

उसाच्या हंगामात रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही अशा ट्रॉलीवर मोटरसायकल आदळली. स्वार ३१ वर्षांचा. अशा समोरासमोरच्या धडकेत गाडी जागीच थांबते, माणूस पुढे सरकतो आणि त्याचं ओटीपोट पेट्रोलच्या टाकीवर आदळतं. टाकी दोन मांड्यांमध्ये पाचरीसारखी घुसते आणि पेल्विस, म्हणजे कंबरेच्या हाडांचं कडं, पुढून फाकतो. डोक्याला हेल्मेट होतं, छाती वाचली होती, हातापायाचं एकही लांब हाड मोडलं नव्हतं. त्यामुळे गाडीवरून उचलणाऱ्यांना तो फारसा जखमी वाटलाच नाही. 'कंबर दुखतेय' एवढंच तो सांगत होता.

पहिल्या ग्रामीण रुग्णालयात तीन गोष्टी नीट झाल्या. पेल्विसचा एक्स-रे निघाला, रक्ताची गुठळी टिकवून धरणाऱ्या ट्रानेक्झामिक ॲसिडचा एक ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून गेला, आणि कंबरेला चादर बांधून १०८ च्या गाडीने रुग्ण आमच्याकडे रवाना झाला. एक्स-रेचा फोटो ड्युटीवरच्या डॉक्टरांनी फोनवर आधीच पाठवला होता. त्या फोटोचं महत्त्व पुढे सहाव्या-सातव्या दिवशी कळतं, म्हणून तो इथे नोंदवून ठेवतो: चादर बांधण्याआधीची ती फिल्म होती, पुढचा सांधा, म्हणजे सिम्फिसिस, साधारण सहा सेंटिमीटर उघडलेला होता आणि मागे डावीकडचा एसआय सांधाही, म्हणजे कण्याच्या तळाचं सेक्रम आणि बाजूचं पंख्यासारखं इलियम ही हाडं जिथे जुळतात तो, रुंद दिसत होता.

अपघातानंतर पावणेदोन तासांनी रुग्ण पोहोचला तेव्हा नाडी १३८, रक्तदाब ७८/४०, श्वास मिनिटाला ३०, हातपाय थंड, तापमान ३५.१. बोलत होता, पण उत्तरं तुटक आणि उशिरा. चादर कंबरेला होती खरी, पण बेंबीच्या रेषेत, म्हणजे पुष्कळ वर. ही चूक इतक्या ठिकाणी दिसते की तिचं कारण सांगायला हवं. कंबर म्हटलं की आपला हात पट्टा बांधायच्या जागी जातो. पण तिथे आवळलं तर इलियमच्या वरच्या कडा आत दाबल्या जातात आणि खाली, जिथे फाकलंय तिथे, फारसा फरक पडत नाही. बाइंडर, म्हणजे पेल्विस आवळणारा रुंद पट्टा असो की चादर, मध्य मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यांवर, म्हणजे ग्रेटर ट्रोकँटरवर यायला हवा. मग दाब मांडीच्या हाडांतून खुब्यात आणि तिथून पेल्विसच्या दोन्ही अर्ध्या भागांवर जातो. दोन्ही गुडघे आत वळवून एकत्र बांधले की उरलेलं काम होतं. आम्ही चादर काढून त्या जागी बाइंडर लावला. पेल्विस दाबून हलतोय का हे कुणी पाहिलं नाही आणि पाहूही नये, कारण धरलेली गुठळी त्या एका दाबाने सुटते आणि माहिती काहीच नवी मिळत नाही.

रक्त जातंय कुठे हे शोधायला पाच जागा असतात: बाहेर, छाती, पोट, मांडी आणि पेल्विसमागची पोकळी. बाहेर जखम नव्हती. छातीचा एक्स-रे स्वच्छ. फास्ट सोनोग्राफीत पोटात पाणी नाही. मांड्या ठीक. उरली शेवटची जागा. फास्टमध्ये पेल्विसचा रक्तस्राव दिसत नाही, कारण तो पोटाच्या पडद्याच्या बाहेर साचतो आणि तिथे तीन-चार लिटर रक्त सहज मावतं. म्हणून अशा रुग्णात निगेटिव्ह फास्टचा अर्थ एवढाच की आधी पोट उघडायची गरज नाही. पेशींना रक्त कमी पडलं की चढणारे दोन आकडे, लॅक्टेट ७.२ आणि बेस डेफिसिट ११ होता. हिमोग्लोबिन ८.९ होतं, ते पाहून निवासी डॉक्टर म्हणाली, "सर, एवढं वाईट नाही." ताज्या रक्तस्रावात हिमोग्लोबिन मागे राहतं. गेलेल्या रक्ताचा हिशोब लॅक्टेट आधी सांगतो.

लघवीच्या तोंडाशी रक्ताचा थेंब होता आणि अंडकोशावर निळसर सूज. मूत्रनलिका फाटली असावी अशी ही खूण, त्यामुळे कॅथेटर आम्ही घातलाच नाही. गुदद्वाराच्या तपासणीत रक्त नव्हतं, हाडाचं टोक हाताला लागत नव्हतं. ही तपासणी टाळली तर आतून उघडं असलेलं फ्रॅक्चर सुटतं आणि ते दोन दिवसांनी जंतुसंसर्गाच्या रूपात समोर येतं.

बाहेर मोठे भाऊ उभे होते. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, हाडच मोडलंय ना? मग एवढ्या रक्ताच्या पिशव्या कशाला?" प्रश्न रास्त होता. त्यांना सांगितलं, "दादा, हाड आम्ही नंतर जोडू. त्या हाडाच्या मागे शिरांचं जाळं असतं, ते फाटलंय आणि मोडलेल्या हाडातूनही रक्त झिरपतंय. आज रात्री फक्त तेवढंच थांबवायचं आहे."

पेल्विसच्या रक्तस्रावाचा मोठा वाटा, साधारण ऐंशी टक्क्यांच्या वर, या शिरांतून आणि हाडाच्या मऊ भागातून येतो. धमनीतून येणारा वाटा कमी, पण ज्यांचा रक्तदाब रक्त देऊनही उठत नाही त्यांच्यात तो जास्त सापडतो. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण शिरांचा रक्तस्राव दाबाने थांबतो आणि धमनीचा बऱ्याचदा थांबत नाही. अँजिओग्राफी करून धमनी बंद करता येते, पण शिरांना त्याचा काही उपयोग नसतो.

तांबड्या पेशींच्या चार पिशव्या, तेवढाच प्लाझ्मा, प्लेटलेट आणि कॅल्शियम देऊनही वरचा रक्तदाब ८४ च्या पुढे सरकेना. कॅल्शियम आवर्जून लिहितो, कारण पिशवीतलं सायट्रेट ते बांधून ठेवतं आणि मग रक्त गोठतही नाही, हृदयही नीट आकुंचन पावत नाही. आता निर्णय हवा होता. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट घरून येऊन लॅब सुरू करेपर्यंत सव्वा तास गेला असता. ऑपरेशन थिएटर दहा मिनिटांत तयार होतं. रात्री अकरा वाजता महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत हेच गणित असतं, आणि अशा वेळी पॅकिंगकडे, म्हणजे आत कापडी पॅक दाबून रक्त थांबवण्याकडे, जावं असं माझं स्पष्ट मत आहे. सव्वा तास लॅबच्या दाराशी थांबलेला रुग्ण बहुधा त्या शिरांतूनच संपतो.

थिएटरमध्ये क्रम ठरलेला असतो: आधी बाहेरची चौकट, मग पॅकिंग. पॅक दाब देतो तो भिंतीच्या आधाराने. भिंतच सैल असेल तर आतला पॅक तिला आणखी बाहेर ढकलतो. म्हणून इलियमच्या कडेवर प्रत्येक बाजूला दोन, अशा पाच मिलिमीटरच्या चार पिना सी-आर्म या थिएटरमधल्या एक्स-रे यंत्राशिवाय, बोटांनी कडेची जाडी चाचपून घातल्या आणि पाय आत वळवून सळ्या आवळल्या. खुब्याच्या वाटीच्या वर घालायच्या सुप्रा-ॲसिटॅब्युलर पिना जास्त मजबूत धरतात, पण त्यांना सी-आर्मची चित्रं लागतात आणि त्या रात्री आम्हाला ती मिनिटं रक्त थांबवण्यासाठी हवी होती. सळ्या खाली झुकवून ठेवल्या, म्हणजे पोट उघडायची वेळ आली तर वाट मोकळी राहते. चौकट घट्ट झाल्यावरच बाइंडर सैल केला.

पॅकिंगसाठी बेंबीखाली मधोमध, प्यूबिस या पेल्विसच्या पुढच्या हाडापर्यंत जाणारा सात सेंटिमीटरचा उभा छेद घेतला. स्नायूंवरचं आवरण उघडलं की पेरिटोनियमच्या, म्हणजे पोटाच्या पडद्याच्या, बाहेरची जागा समोर येते, आणि या रुग्णात ती जागा रक्तानेच आधी उघडून ठेवलेली होती. मूत्राशय हाताने एका बाजूला धरायचं, बोटं पेल्विसच्या कडेने मागे एसआय सांध्यापर्यंत न्यायची आणि पहिला मोठा पॅक तिथे दाबून बसवायचा. दुसरा त्याच्या पुढे, तिसरा प्यूबिसच्या मागे. असे तीन डावीकडे, तीन उजवीकडे. पहिला पॅक पुरेसा मागे गेला नाही तर बाकीचे पाच शोभेचे ठरतात, कारण फाटलेलं जाळं सेक्रमच्या समोर असतं. सहाचा आकडा फळ्यावर आणि केसपेपरवर लिहिला. मूत्राशय फाटलेलं नव्हतं. ते डोळ्यांसमोर असतानाच त्यात पोटावरून नळी घातली, पण तिचं तोंड मुद्दाम वर आणि बाजूला काढलं. आठवड्याभरात तिथे प्लेट बसवायची होती, आणि लघवीची नळी प्लेटशेजारी नको होती.

त्वचा शिवेपर्यंत रक्तदाब १०४ वर आला. आयसीयूत लॅक्टेट मात्र ५.८ वर अडकला आणि पुढच्या तीन तासांत आणखी दोन पिशव्या लागल्या. पॅकिंग चांगलं झालं असेल आणि तरीही रक्त मागत असेल, तर धमनीचा विचार करावा लागतो. आता रुग्ण सीटीपर्यंत नेण्याइतका स्थिर होता आणि रेडिओलॉजिस्टही येऊन बसले होते. सीटी अँजिओत डाव्या सुपीरियर ग्लुटियल धमनीच्या एका फांदीतून डाय बाहेर पडताना दिसला. पहाटे तेवढीच फांदी कॉइलने बंद झाली. दोन्हीकडच्या मुख्य इंटर्नल इलियाक धमन्या सरसकट बंद करण्याचा मोह होतो, पण त्याने नितंबाचे स्नायू आणि तिथली त्वचा मरू शकते. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅक्टेट ३.१ होता. रक्तस्रावाचा प्रश्न तिथे संपला.

हाडाचा प्रश्न त्यानंतर सुरू झाला.

पेल्विसच्या रिंगची स्थिरता ठरवायला दोन प्रश्न पुरतात. अर्धा पेल्विस उभ्या अक्षाभोवती फिरतो का? आणि तो वर सरकतो का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर टाइल या सर्जनच्या वर्गीकरणात तो ए, फक्त फिरत असेल तर बी, फिरत आणि सरकत असेल तर सी. यंग आणि बर्जेस यांचं वर्गीकरण मार कोणत्या दिशेने लागला यावर उभं आहे: समोरून, बाजूने, वरून खाली, किंवा मिश्र. समोरून आलेल्या माराचे तीन टप्पे आहेत आणि ते समजतात लिगामेंटच्या हिशोबाने. पहिल्या टप्प्यात फक्त सिम्फिसिस थोडा ताणला जातो. तो अडीच सेंटिमीटरच्या पुढे उघडला की पेल्विसच्या तळाची लिगामेंट आणि एसआय सांध्याची पुढची लिगामेंट तुटली असं धरतात. हा दुसरा टप्पा, इथे मागची लिगामेंट शाबूत असतात, म्हणून भाग पुस्तकासारखा उघडतो पण वर सरकत नाही. तिसऱ्या टप्प्यात एसआय सांध्यामागची जाड लिगामेंटही जातात. शरीरातल्या सर्वांत मजबूत लिगामेंटपैकी ती आहेत. ती गेली की तो अर्धा पेल्विस आणि त्याला जोडलेला पाय यांचा धडाशी हाडाचा संबंध उरत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातला फरक शस्त्रक्रियेला पूर्ण वेगळं वळण देतो. दुसऱ्यात पुढची प्लेट पुरते, तिसऱ्यात मागेही पकड द्यावी लागते. आणि नेमका हाच फरक बाइंडर झाकतो. आमच्याकडे काढलेला पहिला एक्स-रे बाइंडर लावूनच होता. त्यात सिम्फिसिस फक्त नऊ मिलिमीटर उघडा होता. सीटी चौकट आवळल्यावरचा होता. रिपोर्टमध्ये आलं: डावा एसआय सांधा समोरून सहा मिलिमीटर रुंद, मागे जवळजवळ नेहमीसारखा. सकाळच्या फेरीत निवासी डॉक्टरांनी दुसरा टप्पा, टाइल बी असं मांडलं. समोरच्या चित्रांवरून ते बरोबर होतं. पण ही चित्रं दुखापतीची नव्हती, आम्ही दाबून जागेवर आणलेल्या दुखापतीची होती.

विरोधात तीन पुरावे होते. पहिला, फोनवर आलेला तो सहा सेंटिमीटरचा फोटो. दुसरा, सीटीच्या वरच्या कापांत डाव्या पाचव्या कमरेच्या मणक्याच्या आडव्या टोकाचं छोटं फ्रॅक्चर. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत 'किरकोळ' म्हणून त्याचा उल्लेख होता. त्या टोकावर इलियोलंबर लिगामेंट चिकटलेलं असतं. ते टोक खेचलं गेलं असेल तर अर्धा पेल्विस केव्हातरी वर किंवा बाहेर जोरात गेला होता. तिसरा पुरावा ती फाटलेली ग्लुटियल धमनी. ती ग्रेटर सायॅटिक नॉचमधून, एसआय सांध्याच्या अगदी जवळून बाहेर पडते. मागे मोठी उलथापालथ झाल्याशिवाय ती सहसा फाटत नाही. यातला एकेक पुरावा कच्चा आहे. तिन्ही एकत्र असतील तर पेल्विस भूल देऊन तपासल्याशिवाय प्लेटचा आकार ठरवू नये.

पॅक अपघातानंतर साधारण चाळीस तासांनी काढले. अठ्ठेचाळीस तासांच्या पुढे ठेवले किंवा पुन्हा भरले तर संसर्गाचा धोका चढत जातो. जागा कोरडी होती. त्याच भुलीत यूरॉलॉजिस्टनी तपासलं तर मूत्रनलिका मागच्या भागात अर्धवट फाटलेली निघाली. दुर्बिणीतून वायर घालून त्यावरून कॅथेटर मूत्राशयात गेला, त्यामुळे पोटावरची नळी दोन दिवसांनी काढून टाकता आली.

पोट उघडं आहे तर प्लेट लगेच का बसवली नाही, असं सहकाऱ्यांनी विचारलं. रुग्ण पूर्ण सावरलेला असता तर मीही बसवली असती. पण त्या दिवशी लॅक्टेट २.९, प्लेटलेट ६८,००० आणि रक्तदाब टिकवणारं नॉरॲड्रेनॅलिन थोडं का होईना चालू होतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात शरीराचा दाह शिगेला असतो. त्यात दोन तासांचं ऑपरेशन म्हणजे फुप्फुसाला आणखी एक मार. चौकट पकड देत होती, घाई नव्हती. दरम्यान ट्रोकँटरवरची त्वचा तपासली: डावीकडे बाइंडरखाली एक फोड आला होता, एवढ्या थोड्या वेळात. रक्तदाब कमी असलेल्या शरीरात त्वचेला एवढाही दाब सोसत नाही. अशक्य नसेल तर चोवीस तासांच्या आत बाइंडर निघायलाच हवा.

सातव्या दिवशी व्हेंटिलेटर सुटला होता, लॅक्टेट १.३, प्लेटलेट १,६०,०००. रक्ताच्या गुठळ्या रोखण्यासाठी एनॉक्सापॅरिन पॅक निघाल्यानंतर चोवीस तासांनी सुरू केलं होतं, आदल्या संध्याकाळचा डोस वगळला. भूल दिल्यावर, रुग्णावर ऑपरेशनची निर्जंतुक कापडं अंथरायच्या आधी चौकट सैल केली आणि सी-आर्मखाली डावा पाय एका सहायकाने आधी खाली ओढला, मग वर ढकलला. वर-खाली सरकणं दाखवणाऱ्या आउटलेट चित्रात डावा अर्धा पेल्विस उजव्याच्या तुलनेत एक सेंटिमीटरहून जास्त वर गेलेला सगळ्यांना दिसला. म्हणजे टाइल सी, तिसरा टप्पा. खोलीतली चर्चा तिथेच थांबली.

आधी पुढचा भाग. जुन्याच उभ्या छेदातून सिम्फिसिस चिमट्याने जवळ आणला आणि वरून सहा छिद्रांची साडेतीन मिलिमीटरची प्लेट बसवली. सिम्फिसिस बसला की एसआय सांधा समोरून बराच मिटतो, पण इनलेट चित्रात मागे अजून चार मिलिमीटरची फट होती. तिच्यासाठी डाव्या नितंबावरून छोट्या छेदातून ७.३ मिलिमीटरचा, अर्धाच आटे असलेला पोकळ स्क्रू पहिल्या सेक्रल मणक्यात गेला. आटे फक्त टोकाला असल्याने आवळताना तो इलियमला सेक्रमकडे ओढतो. फट मिटल्यावर खालच्या मणक्यात दुसरा स्क्रू घातला, म्हणजे एकाच स्क्रूभोवती भाग फिरू नये.

या स्क्रूची वाट अरुंद आहे. सेक्रमच्या वरच्या उतारावर पुढून पाचव्या कमरेच्या मणक्याची नस जाते, खाली पहिल्या सेक्रल नसेचं छिद्र. वायर पुढे गेली तर नस, खाली गेली तर नस. इनलेट चित्र पुढे-मागे सांगतं, आउटलेट वर-खाली, आणि अगदी बाजूचं चित्र त्या उताराची कड दाखवतं. वायर त्या कडेच्या खाली आणि मागे असायला हवी. काही माणसांत वरचा सेक्रल मणका जन्मतःच तिरका असतो आणि तिथे आडव्या स्क्रूला जागाच नसते. ते आदल्या रात्री सीटीत पाहून ठेवायचं असतं. आतड्यातला वायू आउटलेट चित्र पूर्ण धुरकट करू शकतो, आणि चित्र दिसत नसेल तर स्क्रू घालू नये. आमच्या रुग्णात वाट सरळ होती. पुन्हा पाय ओढून-ढकलून पाहिला, हालचाल नाही. चौकट काढली.

फक्त प्लेट बसवली असती तर काय झालं असतं हे दुसरीकडून आलेल्या रुग्णांत पाहायला मिळतं. पाय टेकायला लागल्यावर संपूर्ण अर्ध्या पेल्विसचा भार त्या एका पट्टीवर येतो, स्क्रू उपसतात किंवा पट्टी मोडते, आणि तो भाग वर सरकून तिथेच जुळतो. मग पाय आखूड, बसताना एक बाजू उंच, आणि कंबरदुखी जन्माची. असं चुकीचं जुळलेलं हाड पुन्हा तोडून बसवणं हे पहिल्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी जास्त रक्ताचं आणि अनिश्चित काम आहे.

शुद्धीवर आल्यावर डाव्या पायाच्या अंगठ्याची वर उचलण्याची ताकद पाचपैकी चार होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही तेवढीच नोंदलेली होती. आधीची नोंद नसती तर आयुष्यभर तो दोष स्क्रूच्या माथी राहिला असता. पलंगावर बसवणं दुसऱ्या दिवशी सुरू झालं. डावा पाय दहा आठवडे फक्त टेकवायचा, वजन द्यायचं नाही, वॉकर घेऊन.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या वहिनींनी नर्सला बाजूला घेऊन विचारलं की 'बाकी सगळं' नीट होईल का. हा प्रश्न घरचे डॉक्टरांना थेट विचारत नाहीत आणि आम्हीही बऱ्याचदा टाळतो. सिम्फिसिस फाटून मूत्रनलिकेला इजा झालेल्या पुरुषांत लिंगाला ताठरता न येण्याचा त्रास चांगल्याच प्रमाणात दिसतो. नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही तिथूनच जातात. मी त्याच्याशी आणि त्याच्या पत्नीशी दार लावून बोललो: पहिले काही महिने त्रास होऊ शकतो, पुष्कळांत तो वर्ष-दीड वर्षात कमी होतो, काहींना औषध लागतं, आणि त्यासाठी यूरॉलॉजिस्टकडे यायला लाजायचं नाही.

बाराव्या आठवड्यात तो काठीशिवाय चालत आला. सहाव्या महिन्याच्या एक्स-रेत सिम्फिसिसच्या एका स्क्रूभोवती पातळ काळी कड दिसत होती. हा सांधा चालताना किंचित हलतो, त्यामुळे असं सैल होणं नेहमीचं आहे. प्लेट जागेवर होती, मागचे स्क्रू सरळ होते, दोन्ही बाजू समान उंचीवर होत्या, म्हणून काही केलं नाही. अंगठ्याची ताकद पूर्ण आली. लघवीची धार मात्र आठव्या महिन्यात बारीक झाली. फाटलेल्या जागी व्रण आवळला होता आणि यूरॉलॉजिस्टनी तो दुर्बिणीतून कापला. दर तीन महिन्यांनी धारेचा वेग मोजायला तो त्यांच्याकडे जातो, आमच्याकडे वर्षातून एकदा.